जुन्या एसएसडी पुसायचं काम : जळगावच्या नोंदी

२ मार्च, सोमवार

पतसंस्थेचं काम आजपासून हातात घेतलं. जळगावचं हेड ऑफिस आणि अमळनेर, पारोळा, चोपडा, यावल इथल्या शाखा, सगळीकडची जुनी मशिनं बदलली, ती आता गोदामात रचून ठेवलीत. मशिनं एका जुन्या कॉम्प्युटरवाल्याला विकायची आहेत, पण त्याआधी आतला डेटा गेला पाहिजे, कारण त्यात सभासदांचे आधार, पॅन, सह्यांचे स्कॅन, कर्जाच्या फायली, जामीनदारांची कागदपत्रं, सगळं आहे. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आल्यापासून संचालक मंडळ जरा घाबरलेलं आहे, ते बरंच आहे म्हणा.

ऑडिटर साहेबांनी लेखी दिलंय की प्रत्येक डिस्क "तीन वेळा ओव्हरराइट" करायची आणि तसा दाखला जोडायचा. हा नियम फिरत्या हार्डडिस्कच्या जमान्यातला आहे. गोदामातल्या मशिनांत हार्डडिस्क दोन-चारच निघाल्या, बाकी सगळ्या एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी फ्लॅश चिपांत डेटा ठेवणाऱ्या. म्हणजे आधी साहेबांना समजवावं लागणार की एसएसडीवर तीनदा काय तेरादा लिहिलं तरी दाखल्यावर सही करण्याइतकी खात्री मिळत नाही, आणि मग दुसरा रस्ता दाखवावा लागणार.

आज फक्त छाटणी केली. तीन ढीग झाले. लॅपटॉपमधल्या एनव्हीएमई, म्हणजे नव्या जोडणीच्या ड्राइव्ह, डेस्कटॉपमधल्या चांगल्या कंपनीच्या साटा, म्हणजे जुन्या जोडणीच्या एसएसडी ज्यांच्या लेबलवर पीएसआयडी, म्हणजे ड्राइव्ह रिसेट करायचा कोड छापलेला आहे, आणि काउंटरच्या मशिनांतल्या स्वस्तातल्या २४० जीबीच्या साटा, ज्यांच्यावर काहीच छापलेलं नाही. काही ड्राइव्ह चालूच होत नाहीत, त्या वेगळ्या डब्यात.

३ मार्च

ऑडिटर साहेब दुपारी स्वतः आले, चहा झाला. त्यांना तोंडी पटत नव्हतं म्हणून कागदावर हिशोब मांडला, तो इथे उतरवून ठेवतो कारण मंडळाच्या मिटिंगमध्ये परत लागणार.

हार्डडिस्कमध्ये सेक्टर नंबर १००० म्हटलं की प्लॅटरवरची एक ठरलेली जागा, तिथे नवीन लिहिलं की जुनं गेलं. एसएसडीत तसं नाही. फ्लॅश मेमरीत भरलेल्या पानावर परत लिहिताच येत नाही, आधी पुसावं लागतं, आणि पुसायचं तर एक पान पुसता येत नाही, शेकडो पानांचा अख्खा ब्लॉकच पुसावा लागतो. म्हणून कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्हच्या आतली कारभार बघणारी चिप, काय करतो, तुम्ही सेक्टर १००० वर नवीन लिहा म्हटलं की तो दुसरीकडच्या कोऱ्या पानावर लिहितो आणि स्वतःच्या तक्त्यात नोंद बदलतो की आता १००० म्हणजे हे नवीन पान. जुनं पान तिथंच राहतं, त्यातला मजकूरही तसाच, फक्त त्याला आता नंबर नाही. कधीतरी सवडीने कंट्रोलर तो ब्लॉक रिकामा करेल तेव्हा ते जाईल. कधी करेल ते त्याचं तो ठरवतो, आपल्याला विचारत नाही.

साहेब म्हणाले, "पण पूर्ण ड्राइव्ह भरून लिहिलं तर? मग जागाच उरणार नाही ना जुन्याला." प्रश्न बरोबर आहे आणि खरी गोम तिथेच आहे. काउंटरवाली २४० जीबीची ड्राइव्ह घेतली. ती बाहेर दाखवते २४०,०५७,४०९,५३६ बाइट. आत फ्लॅश साधारण २५६ जीबी बसवलेली असते, पण ती कॉम्प्युटरच्या म्हणजे १०२४ च्या पटीतल्या हिशोबाने, म्हणजे जवळपास २७४.९ अब्ज बाइट. फरक निघतो सुमारे ३४.८ अब्ज बाइटचा. यातलं काही फॅक्टरीतूनच खराब आलेल्या ब्लॉकमध्ये जातं, काही फर्मवेअर आणि तक्त्याला लागतं, तरी मोठा हिस्सा कंट्रोलर स्वतःच्या फिरवाफिरवीसाठी राखून ठेवतो. आपण बाहेरून पूर्ण २४० जीबी लिहिलं तरी कुठल्याही क्षणी काही जीबी पानं अशी असणार ज्यांना बाहेरून नंबरच नाही. एका सभासदाचं आधार-पॅन-सही मिळून २ एमबीचं स्कॅन धरलं तर १ जीबीत पाचशे सभासद बसतात. हे ऐकल्यावर साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला.

वर आणखी एक आहे. चालता चालता जो ब्लॉक खराब होतो तो कंट्रोलर कायमचा बाजूला काढतो, त्यातला चांगला मजकूर दुसरीकडे हलवतो, पण खराब ब्लॉकमधली जुनी प्रत तिथंच पडून. तिथपर्यंत ओव्हरराइट कधीच पोचत नाही, कितीही वेळा करा.

आणि हे माझं मत नाही, मोजलेलं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोच्या संशोधकांनी २०११ मध्ये ड्राइव्ह खोलून थेट चिपमधून वाचून बघितलं. एकेक फाइल ओव्हरराइट करायच्या सगळ्या पद्धती नापास झाल्या, साटा एसएसडींवर फाइलचा ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत मजकूर उरला होता. पूर्ण ड्राइव्ह दोनदा लिहिली की बहुतेक वेळा काम झालं, पण एका ड्राइव्हमध्ये वीस वेळा लिहून सुद्धा सुमारे १ टक्का उरलाच. या "बहुतेक" शब्दावर दाखला कसा लिहायचा?

४ मार्च

सकाळी पारोळ्याच्या शाखेचे आप्पा आलेले, शाखा व्यवस्थापक, आता रिटायरमेंटला आलेत. ढीग बघून म्हणे, "काय करी राहिला तू भो, फॉरमॅट मारी दे ना सगळ्याले." मग स्वतःच म्हणे की उन्हात टाकी दे, आपल्याकडच्या मे महिन्यात आपोआप पुसलं जाईल. हसायला येतं पण हे बरेच जण खरंच मानतात, म्हणून लिहितो. उष्णतेने फ्लॅशमधला चार्ज हळूहळू गळतो हे खरं आहे, पण ४५ डिग्रीत पडून राहिल्याने काही बिट खराब होतील आणि एरर करेक्शन ते परत जुळवेल, त्याला पुसणं म्हणत नाहीत.

फॉरमॅटबद्दल मात्र आप्पांना नीट सांगितलं. क्विक फॉरमॅट केलं की विंडोज एसएसडीला ट्रिम पाठवते, म्हणजे "या जागा आता मला नको". त्यानंतर वाचलं तर बऱ्याच ड्राइव्ह शून्यच देतात, म्हणून माणसाला वाटतं साफ झालं. पण ते शून्य कंट्रोलर तक्त्यात नोंद नाही म्हणून देतो, फ्लॅशकडे तो गेलेलाच नसतो. म्हणजे बाहेरून वाचून बघणं हा पुरावाच नाही. सगळा घोळ इथंच आहे : आपण जे वाचतो ते कंट्रोलर सांगेल ते.

६ मार्च

आता दुसरा रस्ता. बऱ्याच एसएसडी मुळातूनच सगळं एनक्रिप्ट करून लिहितात. कंट्रोलरमध्ये एईएस या एनक्रिप्शन पद्धतीचं इंजिन असतं, येणारा प्रत्येक बाइट त्यातून जातो, आणि किल्ली ड्राइव्हनेच आतल्या आत तयार केलेली असते. तुम्ही पासवर्ड लावला नसला तरी एनक्रिप्शन चालूच असतं, फक्त किल्ली कोणालाही न विचारता आपोआप लागते. म्हणजे फ्लॅशवर साधा मजकूर कधी उतरतच नाही. तक्त्यातलं पान, तक्त्याबाहेरचं पान, बाजूला काढलेला खराब ब्लॉक, सगळीकडे एकाच किल्लीने गोंधळलेले बाइट.

मग शेकडो जीबीच्या मागे धावायचं कशाला, २५६ बिटांची किल्ली, म्हणजे ३२ बाइट, तेवढी मारली की बस. ड्राइव्हला सांगायचं नवीन किल्ली बनव आणि जुनी नष्ट कर. याला क्रिप्टो इरेज म्हणतात. दोन-चार सेकंदांचं काम. जिथे ओव्हरराइटचा हात पोचत नव्हता तिथलंही एका झटक्यात निकामी, कारण त्या पानांना हातच लावायचा नाहीये.

अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेच्या ८००-८८ मार्गदर्शिकेत ही पद्धत २०१४ पासून मान्य आहे, ती प्रत ऑडिटर साहेबांना पाठवली. पण मान्यता अटी घालून आहे आणि त्या अटी वाचल्याशिवाय कमांड मारण्यात काही अर्थ नाही. एक, डेटा पहिल्यापासून एनक्रिप्ट होऊनच उतरलेला हवा. दोन, किल्लीची जिथे जिथे प्रत आहे ती प्रत्येक प्रत गेली पाहिजे. आपल्या ढिगात या दोन्ही अटी मोडणारी मशिनं निघणार हे आताच दिसतंय.

९ मार्च

एनव्हीएमईपासून सुरुवात, कारण तिथं विचारपूस सोपी. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवायचं आणि ड्राइव्हला विचारायचं तुला काय काय येतं :

```
nvme id-ctrl /dev/nvme0 -H | grep -i -A6 sanicap
```

यात क्रिप्टो इरेज आणि ब्लॉक इरेज दोन्हीपुढे सपोर्टेड दिसलं की ड्राइव्ह कामाची.

इथं दोन कमांड मिळतात आणि लोक सर्रास पहिली वापरतात. `nvme format --ses=2` हीसुद्धा क्रिप्टो इरेजच, पण मी `sanitize` घेतोय, कारण सॅनिटाइज एकदा सुरू झालं की मध्येच थांबवता येत नाही, वीज गेली तरी परत आल्यावर ड्राइव्ह स्वतःच ते पुढे चालू करते आणि पूर्ण होईपर्यंत वाचन-लेखन करू देत नाही. आपल्याकडे दुपारी लाइट कधी जाईल सांगता येत नाही, गोदामाला इन्व्हर्टर नाही, त्यामुळे ही गोष्ट महत्त्वाची.

एका ड्राइव्हवर आधी परीक्षा घेतली. खुणेचा मजकूर मुद्दाम असा निवडला की एंटर धरून बरोबर १६ बाइट होतो :

```
yes "JALGAON-NISHANI" | dd of=/dev/nvme0n1 bs=1M \
  count=4096 iflag=fullblock oflag=direct
dd if=/dev/nvme0n1 bs=1M skip=1000 count=1 | hexdump -C | head
```

`hexdump` एका ओळीत १६ बाइट दाखवतो आणि सारख्या ओळी आल्या की एक ओळ दाखवून पुढे नुसता तारा टाकतो. म्हणजे खूण नीट लिहिली गेली असेल तर एक ओळ, एक तारा आणि शेवटी नुसता मोजणीचा आकडा, एवढंच दिसायला पाहिजे. तसंच दिसलं. मग :

```
nvme sanitize /dev/nvme0 --sanact=4 -d
nvme sanitize-log /dev/nvme0
```

४ म्हणजे क्रिप्टो इरेज. ते `-d` एवढ्यासाठी की काम झाल्यावर तक्त्यातल्या नोंदी काढून टाकू नकोस, तशाच राहू दे, मला बघायचंय. काही मॉडेल हे ऐकत नाहीत, या मॉडेलने ऐकलं. लॉगमध्ये असं आलं :

```
Sanitize Progress  (SPROG) :  65535
Sanitize Status    (SSTAT) :  0x101
```

६५५३५ म्हणजे आता काही चालू नाही. `0x101` मधला शेवटचा १ म्हणजे काम यशस्वी, आणि पुढचा १ म्हणजे त्यानंतर ड्राइव्हवर काहीही लिहिलेलं नाही.

परत तीच जागा वाचली तर तारा गायब, प्रत्येक ओळ वेगळी, सगळा कचरा. परत वाचलं तर तोच कचरा जसाच्या तसा. हे बघून बरं वाटलं, कारण शून्य आले असते तर कळलं नसतं की किल्ली बदलली की फक्त तक्ता फाडला. इथं तक्ता तोच, पान तेच, पानावरचे बाइट तेच, पण नवीन किल्लीने उघडल्यावर अर्थ लागत नाही. म्हणजे हे मॉडेल खरोखर एनक्रिप्ट करतं आणि किल्ली खरोखर बदलली.

बाकीच्या एनव्हीएमईंवर `-d` शिवाय चालवणार, आणि क्रिप्टो इरेज झाल्यावर वरून `--sanact=2`, म्हणजे ब्लॉक इरेज. त्यात कंट्रोलर लपलेल्या जागेसकट सगळे ब्लॉक खरोखर पुसतो, काही सेकंद ते दोन-तीन मिनिटं लागतात. एवढ्याशा वेळासाठी सोडायचं कशाला.

११ मार्च

साटाचा ढीग. `hdparm -I` मध्ये `CRYPTO_SCRAMBLE_EXT` ही ओळ दिसली की किल्ली बदलायची सोय आहे :

```
hdparm --yes-i-know-what-i-am-doing \
  --sanitize-crypto-scramble /dev/sda
hdparm --sanitize-status /dev/sda
```

ज्यांच्यात ही ओळ नाही पण लेबलवर ३२ अक्षरी पीएसआयडी आहे त्या ओपल प्रकारच्या, म्हणजे स्वतःच एनक्रिप्ट करणाऱ्या. त्यांना `sedutil-cli` ने पीएसआयडी देऊन रिव्हर्ट केलं की त्या जुनी किल्ली टाकून नवीन बनवतात. पीएसआयडी फक्त लेबलवरच असतो, लेबल फाटलं की संपलं, म्हणून ड्राइव्ह काढताना पोरांना आधी लेबलचा फोटो काढायला लावला. लिनक्स सुरू करताना कर्नलला `libata.allow_tpm=1` हा शब्द द्यायचा, तो नसेल तर साटा ड्राइव्हवर ही कमांड जातच नाही.

यूएसबीच्या डब्यात ड्राइव्ह घालून हे काम करू नका. मधली चिप बऱ्याचदा या कमांड पुढे पाठवतच नाही, आणि एरर सुद्धा सरळ देत नाही. मदरबोर्डच्या साटालाच जोडायची.

स्वस्तातल्या २४० जीबीवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिथं क्रिप्टो स्क्रॅम्बलची ओळ नाही, पीएसआयडी नाही, म्हणजे आत एनक्रिप्शन आहे असं धरता येत नाही, म्हणजे मारायला किल्लीच नाही. काहींत `BLOCK_ERASE_EXT` आहे, तिथं ते चालवलं. उरलेल्यांत जुनं सिक्युरिटी इरेज तेवढं आहे. ते चालवताना आधी पासवर्ड लावावा लागतो, आणि बायोसने ड्राइव्ह `frozen` करून ठेवलेली असते, तेव्हा मशीन एकदा स्लीपमध्ये घालून उठवलं की बहुतेक वेळा `not frozen` होतं. यात मध्येच लाइट गेली तर ड्राइव्ह लॉक होऊन बसते, घाबरायचं नाही, तोच पासवर्ड देऊन परत इरेज चालवायचं. म्हणून पासवर्ड सगळीकडे एकच साधा ठेवलाय.

पण सिक्युरिटी इरेजवर डोळे झाकून विश्वास नको. त्याच २०११ च्या अभ्यासात एका ड्राइव्हने काम फत्ते म्हणून सांगितलं आणि डेटा होता तसाच. म्हणून या गटातली जी ड्राइव्ह सभासदांच्या स्कॅनच्या मशिनातली आहे ती विकायची नाही, फोडायची, असं मी लिहून दिलं. काउंटरच्या नुसत्या ब्राउझर चालवणाऱ्या मशिनातली इरेज करून विकायला हरकत नाही.

१३ मार्च

आज सगळा दिवस एका लॅपटॉपवर गेला आणि तो जाण्यासारखाच होता. हेड ऑफिसच्या मॅनेजर साहेबांचा. ते म्हणाले, "माझ्या लॅपटॉपवर बिटलॉकर आहे, रिकव्हरी की फाडून टाकली की झालं ना, किल्लीच नाही तर काय वाचणार?" बिटलॉकर म्हणजे विंडोजचं स्वतःचं एनक्रिप्शन. तर्क बरोबर आहे पण या मशिनाला लागू नाही.

पहिलं कारण. बिटलॉकर लावलाय लॅपटॉप घेतल्यानंतर दोनेक वर्षांनी. त्याआधीचा सगळा मजकूर साधाच लिहिला गेलेला होता. बिटलॉकर चालू करताना विंडोज विचारते की फक्त वापरातली जागा एनक्रिप्ट करू की पूर्ण ड्राइव्ह, आणि घाईत माणूस पहिलंच निवडतो. म्हणजे आधी डिलीट केलेल्या फायली रिकाम्या जागेत साध्या रूपात राहिल्या. बरं पूर्ण ड्राइव्ह निवडलं असतं तरी विंडोज एकेक सेक्टर वाचून, एनक्रिप्ट करून परत लिहिते, आणि परत लिहिणं म्हणजे परवाचीच गोष्ट, नवीन पानावर लिहिलं जातं आणि जुनं साधं पान मागे पडतं. तर अट नंबर एक मोडली. किल्ली नष्ट करून एनक्रिप्ट झालेला मजकूर जाईल, जो कधी एनक्रिप्ट झालाच नाही त्याला कुलूपच नव्हतं.

दुसरं कारण, किल्लीच्या प्रती. ४८ आकडी रिकव्हरी की साहेबांनी छापून कपाटात ठेवली होती, तीच मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर पण गेलेली होती, आणि एका क्लार्कच्या फोनमध्ये तिचा फोटो होता. कागद फाडून काय होणार.

म्हणून तिथं बिटलॉकरवर न विसंबता ड्राइव्हचीच किल्ली बदलली, म्हणजे ९ तारखेसारखं सॅनिटाइज. ती ड्राइव्हच्या आतली किल्ली पहिल्या दिवसापासूनची आहे, विंडोज काय करते त्याच्याशी तिला देणंघेणं नाही, त्यामुळे बिटलॉकरच्या आधीचा साधा मजकूर पण तिच्याच खाली येतो.

पारोळ्याच्या शाखेत एक जुना लिनक्स सर्व्हर होता, त्यावर लक्स, म्हणजे लिनक्सचं एनक्रिप्शन, तेही पहिल्या दिवसापासून, म्हणजे पहिली अट पास. तिथं `cryptsetup luksErase` केलं की हेडरमधले, म्हणजे ड्राइव्हच्या सुरुवातीच्या छोट्या भागातले, सगळे की-स्लॉट, म्हणजे पासवर्डने बांधलेल्या किल्लीच्या जागा, पुसले जातात आणि पासवर्ड माहीत असूनही ड्राइव्ह उघडत नाही. हार्डडिस्क असती तर मी तिथेच थांबलो असतो. पण ती एसएसडी आहे, आणि की-स्लॉट पुसणं म्हणजे काय, तर हेडरवर ओव्हरराइटच. जो आजार २४० जीबीला होता तोच आता या छोट्याशा हेडरला. जुन्या हेडरची पानं फ्लॅशमध्ये कुठेतरी असू शकतात, आणि ज्याच्या हाती ती लागतील त्याला मग फक्त पासवर्ड ओळखायचा आहे. शाखेचा पासवर्ड काय होता ते इथं लिहीत नाही, पण गावाचं नाव आणि पुढे १२३ असलं काहीतरी डोळ्यांपुढे आणा.

शिवाय हेडरचा बॅकअप. कोणीतरी शहाणपणाने `luksHeaderBackup` करून पेनड्राइव्हवर ठेवला होता. तो बॅकअप आणि पासवर्ड मिळून ड्राइव्ह पूर्ण उघडते, `luksErase` नंतर सुद्धा. आप्पांना फोन केला, त्यांनी टेबलाच्या ड्रॉवरमधून तो पेनड्राइव्ह शोधला आणि म्हणे, "आते काय करानं याचं?" फोडायचा, म्हटलं, पण आधी इकडे पाठवा, माझ्यासमोर फोडू. सर्व्हरच्या ड्राइव्हवर `BLOCK_ERASE_EXT` होतं, ते चालवून विषय संपवला.

१६ मार्च

मंडळाची मिटिंग. एका संचालकांनी चांगला प्रश्न विचारला : मग ड्राइव्हच्या आतली ती किल्ली कुठे असते, ती पण फ्लॅशमध्येच ना? मग तिची जुनी प्रत उरणार नाही का?

हो, असते, आणि नीट न केल्यास उरते. याचं जाहीर उदाहरण आहे. नेदरलँड्सच्या राडबाउड विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी २०१८ मध्ये बाजारातल्या काही ड्राइव्हचं फर्मवेअर उलगडून बघितलं. सॅमसंगच्या ८४० इव्होमध्ये किल्ली अशा जागी ठेवली जात होती जिथे वेअर लेव्हलिंग, म्हणजे झीज सगळीकडे सारखी वाटायची फिरवाफिरवी, लागू होती. तुम्ही पासवर्ड लावला की किल्लीची पासवर्डने बांधलेली नवीन प्रत लिहिली जायची, पण आधीची न बांधलेली प्रत दुसऱ्या पानावर पडून राहू शकत होती. क्रुशियलच्या एमएक्स१०० सारख्यांत तर पासवर्ड आणि किल्लीचा गणिती संबंधच नव्हता, पासवर्ड नुसता तपासला जायचा. त्या काळात काही मशिनांत बिटलॉकर ड्राइव्हच्या एनक्रिप्शनवर भरवसा ठेवून स्वतः काहीच करत नसे, अशा मशिनांचं सगळंच उघडं पडलं. पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती सवय बदलली.

म्हणून किल्लीची जागा कंट्रोलरने फिरवाफिरवीच्या बाहेर ठेवली पाहिजे आणि तो ब्लॉक खरोखर इरेज केला पाहिजे. करतो का? बाहेरून आपल्याला कळत नाही. ९ तारखेच्या परीक्षेत मला एवढंच कळलं की किल्ली बदलली, जुनी प्रत कुठेच उरली नाही हे कळलं नाही, आणि कळणारही नाही. यासाठीच क्रिप्टो इरेज झाल्यावर वरून ब्लॉक इरेज. किल्लीचा ब्लॉक चुकून उरला तरी तिने उघडायला मजकूर नको, आणि मजकुराचं एखादं पान खराब ब्लॉकमध्ये उरलं तरी त्याला किल्ली नको. दोन्ही एकदम फसायला बरंच काही जुळून यावं लागेल. संचालकांना हे पटलं. ऑडिटर साहेब म्हणाले की दाखल्यात "तीन वेळा" हा शब्द काढू.

८४० इव्हो आपल्या ढिगात आहे का ते बघायला सांगितलं. एक निघाली, ती फोडायच्या डब्यात.

१८ मार्च

बंद पडलेल्या ड्राइव्ह. यांना कमांड देताच येत नाही, म्हणून क्रिप्टो इरेज नाही. कंट्रोलर मेलाय, फ्लॅश जिवंत आहे, हीच सगळ्यात धोक्याची अवस्था.

गोदामातल्या पोराने आधीच एकीच्या बरोबर मध्यावर ड्रिलने भोक पाडून ठेवलं होतं. खोलून दाखवलं. अडीच इंची डबी निम्म्याहून जास्त पोकळ असते, आतली पट्टी एका बाजूला छोटीशी, भोक हवेतून गेलेलं. चिपला ओरखडा पण नाही. मोबाइल रिपेअरवाल्यांकडे असते तशी गरम हवेची गन लावून चिप काढली आणि रीडरवर बसवली की वाचायचा प्रयत्न करता येतो.

तर प्रत्येक डबी खोलायची, पट्टीवरच्या काळ्या फ्लॅश चिपा मोजायच्या, पाठीमागच्या बाजूला पण असतात, आणि प्रत्येक चिप फोडायची. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेचा निकष एसएसडीचे तुकडे २ मिलिमीटरचे करायचा आहे, तेवढं बारीक करणारं यंत्र इथं नाही. सुपारीसारखे तुकडे होतील एवढं आपण करू, आणि तुकडे ई-कचऱ्याच्या अधिकृत गोळा करणाऱ्याकडे देऊ, भंगारवाल्याकडे नाही. दाखल्यात "फोडली" लिहायचं, "पुसली" नाही.

२० मार्च

दाखल्याचा तक्ता ठरला. ड्राइव्हचा मॉडेल आणि सिरीयल नंबर, कुठली शाखा, कुठली कमांड, ड्राइव्हने परत दिलेलं स्टेटस जसंच्या तसं, नंतर वाचून बघितलं तर काय दिसलं, आणि चालवणाऱ्याची सही. लॉगमध्ये `0x101` नसेल तर ती ओळ लाल करायची. एकीचं स्टेटस `3` वर संपलंय, म्हणजे सॅनिटाइज फेल, परत चालवून तेच. फोडायच्या डब्यात.

एनक्रिप्शनचा रकाना ऑडिटर साहेबांच्या सूचनेवरून वाढवला : सॉफ्टवेअरचं होतं का, कधीपासून, आणि किल्लीच्या किंवा हेडरच्या प्रती कुठे कुठे होत्या. चोपड्याहून अजून उत्तर आलं नाही, तिथल्या दोन लॅपटॉपवर बिटलॉकर कधी लावलं ते कोणालाच आठवत नाहीये, म्हणून ते उशिराच लावलं असं धरून चालतोय.

नवीन मशिनांसाठी मॅनेजर साहेबांनी सामान्य सूचना मागितली, ती अशी दिली : पहिला लॉगिन करायच्या आधी बिटलॉकर, `manage-bde -status` मध्ये `XTS-AES` दिसलं पाहिजे, `Hardware Encryption` नको, आणि रिकव्हरी की एकाच वहीत, ती वही तिजोरीत.

हेड ऑफिसच्या मोठ्या झेरॉक्स मशिनमध्ये पण स्टोरेज आहे असं आज लक्षात आलं, आणि सभासदांची कागदपत्रं सगळ्यात जास्त त्याच्यातूनच गेलीत. ते भाड्याचं आहे, करार महिनाअखेर संपतो. सोमवारी त्याच्या मेन्यूत बघायचं की आत काय आहे, आणि कंपनीच्या माणसाला यायच्या आधी लेखी विचारायचं.